भाजीच्या पेटीचा मजकूर लिहिण्याआधी तोडणीची वेळ ठरवा

प्रश्न: सासवडजवळ आमची साडेतीन एकर भाजीपाल्याची सेंद्रिय शेती आहे. पुण्यात साठ घरांना दर आठवड्याला भाजीची पेटी घरपोच द्यायची आहे. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर फोटोखाली टाकायचा मजकूर आम्ही लिहिला, पण तो वाचूनही लोक विचारतात, "कोणत्या दिवशी येता? भाजी ताजी असते ना? पैसे कधी द्यायचे?" वाटपाचे वार, ताजेपणा आणि सभासद कसे व्हायचे, हे एकदाच नीट कळेल असा मजकूर कसा लिहावा?

उत्तर:

लोक पुन्हा तेच विचारतात, याचे कारण बहुधा असे आहे की तुमच्या मजकुरात "ताजी" हा शब्द आहे, पण भाजी किती वाजता तोडली आणि किती वाजता दारात पोहोचेल हे कुठेच लिहिलेले नाही. "शेतातून थेट घरात" असे तर ठेल्यावरची पाटीही सांगते. म्हणून मजकूर लिहायला बसण्यापूर्वी चार वेळा कागदावर पक्क्या करा: तोडणी कधी होते, गाडी शेतातून कधी निघते, शेवटच्या घरी किती वाजता पोहोचते आणि त्या पेटीसाठीची मागणी आदल्या कोणत्या दिवशी बंद होते. या चार वेळा ठरल्या की वार, ताजेपणा आणि सभासद होण्याची रीत ही तिन्ही उत्तरे त्यांतूनच निघतात. त्या ठरलेल्या नसतील, तर मजकूर कितीही गोड लिहिला तरी फोन येतच राहतील.

वारांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक शेतकरी वार ग्राहकाच्या सोयीने ठरवतात आणि तिथेच पुढच्या अडचणींचे मूळ असते. वार पिकाच्या तोडणीवरून ठरवावेत. भेंडी, काकडी, गवार आणि दोडका ही पिके थांबत नाहीत. उन्हाळ्यात भेंडी एक दिवसाआड तोडली नाही, तर शेंग जून होते आणि झाडावर जून शेंग राहिली की पुढची फूलधारणाही मंदावते. साठ घरांना एकाच दिवशी पेट्या द्यायच्या ठरवल्या, तर एका सकाळी अर्धा किलोप्रमाणे तीस किलो भेंडी लागेल आणि पुढच्या तोड्यांची भेंडी कुठे द्यायची हा प्रश्न उरेल. त्याऐवजी तीस घरे बुधवारी आणि तीस घरे शनिवारी अशी विभागणी केली, तर प्रत्येक वेळी पंधरा किलो भेंडी पुरते. मग भेंडीची तोडणी बुधवारी, शनिवारी आणि सोमवारी करता येते. बुधवारचा आणि शनिवारचा तोडा पेटीत जाईल, सोमवारचा तोडा बाजारात जाईल. बुधवार ते शनिवार हा तीन दिवसांचा खंड उन्हाळ्यात थोडा लांबतो, त्यामुळे शनिवारी निवड करताना जून शेंगा बाजूला काढाव्या लागतील, हे गृहीत धरा.

यात एक पथ्य आहे आणि ते कडक पाळावे लागते. सोमवारची भेंडी बाजारात भाव पडला म्हणून ठेवून दिली आणि बुधवारच्या पेटीत घातली, तर तुमच्या मजकुरातील वेळ त्या दिवशी खोटी ठरते. ग्राहकाला ते तारखेवरून कळत नाही, पण शेंगेवरून कळते: ताजी कोवळी भेंडी टोकाला दाबली की कट्कन मोडते, दोन दिवस राहिलेली वाकते आणि कडांना काळसर रेघा दिसू लागतात. म्हणून सोमवारच्या तोड्याचे गिऱ्हाईक आधीच ठरवून ठेवा. सासवडचा बाजार असो वा एखादी खानावळ, ती वाट ठरलेली असली की हा मोह होत नाही.

कोणता भाग कोणत्या वारी, हे रस्त्यावरून ठरवा. तुमची गाडी दिवे घाटातून उतरली, तर फुरसुंगीवरून हडपसर आधी लागते आणि बोपदेव घाटातून आली, तर कोंढवा. हडपसर, मगरपट्टा, वानवडी आणि कोंढवा हा एक पट्टा झाला. बिबवेवाडी, सहकारनगर, कर्वेनगर आणि कोथरूड हा दुसरा. एका दिवशी एकच पट्टा घेतला, तर सकाळी साडेनऊ ते दुपारी एक एवढ्या वेळात तीस घरे होतात. दोन्ही पट्टे एकाच दिवशी घेतल्यास शेवटच्या घराला भाजी दुपारी तीन-चारला मिळते आणि टेम्पोत उन्हात फिरलेली पालेभाजी तोपर्यंत मान टाकते.

आता ताजेपणाकडे येतो. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मजकुराचा कस याच भागात लागतो. भाजी तोडल्यावरही तिचे श्वसन चालू असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. दुपारी तोडलेल्या भाजीत उन्हाची ऊब साठलेली असते. ती ऊब घेऊनच ती पेटीत गेली, तर पहाटे तोडलेल्या भाजीपेक्षा ती लवकर खराब होते. पालेभाजीचे आणखी एक दुखणे म्हणजे पाणी उडून जाणे: वजनाच्या तीन ते पाच टक्के पाणी गेले, तरी ती कोमेजलेली दिसू लागते. वाटाण्याची गोडी तोडणीनंतर तासागणिक कमी होते, कारण त्यातील साखरेचा स्टार्च होऊ लागतो. पुरंदरचा पावसाळी वाटाणा ज्यांनी बांधावर सोलून खाल्ला आहे, त्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

याचा अर्थ सगळी भाजी एकाच वेळी तोडणे योग्य नाही. फळभाजी पेटीच्या दिवशी पहाटे साडेपाच ते सात या वेळात तोडावी. पालेभाजीचे थोडे वेगळे आहे. पहाटे ती भरलेली आणि टवटवीत असते खरी, पण दवाने ओली असते. ओली जुडी पिशवीत बांधली की पानांच्या मध्ये पाणी अडकते आणि दुसऱ्या दिवशी मधली पाने काळी, चिकट होतात. तिची पाने सुकेपर्यंत थांबायचे म्हटले, तर गाडी निघायला नऊ वाजतात. म्हणून तीस पेट्यांच्या कामात पालेभाजी आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजल्यानंतर काढावी, सावलीत पसरून तिची ऊब जाऊ द्यावी, रात्री ओल्या गोणपाटाखाली पण पाने भिजणार नाहीत अशी ठेवावी आणि पहाटे जुड्या पेटीत भराव्यात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष, म्हणजे विटांच्या दुहेरी भिंती आणि त्यांच्यामध्ये ओली वाळू, तुमच्या भागात मार्च ते मे या कोरड्या हवेत फार उपयोगी पडतो. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने तो नावापुरताच थंडावा देतो, तेव्हा त्याच्या भरवशावर पावसाळ्याचे वेळापत्रक आखू नका.

या वेळांचा हिशेब मांडून पाहा. पालेभाजी मंगळवारी संध्याकाळी पाचनंतर काढली आणि शेवटच्या घरी बुधवारी दुपारी एकला पोहोचली, तर वीस तास होतात. फळभाजी पहाटे साडेपाचला तोडायला घेतली, तर त्याच घरी ती साडेसात तासांत पोहोचते. म्हणून तुम्ही निर्धास्तपणे लिहू शकता: "पालेभाजी तोडणीपासून २० तासांच्या आत, फळभाजी ८ तासांच्या आत." कांदा, लसूण, लाल भोपळा आणि सुरण साठवणीतलेच असणार आणि तसेच लिहावे. बटाटा तुमच्याकडे होत नसेल आणि तुमच्या गटातील दुसऱ्या शेतकऱ्याकडून येत असेल, तर तेही लिहावे. साठवणीची भाजी साठवणीची म्हणून सांगितली, की "आज तोडलेली" या शब्दांवर लोकांचा विश्वास बसतो.

एवढ्या तयारीनंतर मजकूर असा होईल. किंमत नमुन्यादाखल धरली आहे, ती तुमच्या खर्चाप्रमाणे बदला.

"पालेभाजी २० तासांत, फळभाजी ८ तासांत शेतातून घरी. हडपसर-कोंढवा बुधवारी, कोथरूड-बिबवेवाडी शनिवारी.

सासवडजवळच्या आमच्या शेतातील भाजीची पेटी दर आठवड्याला एकदा घरपोच मिळेल. हडपसर, मगरपट्टा, वानवडी आणि कोंढवा येथे दर बुधवारी, तर बिबवेवाडी, सहकारनगर, कर्वेनगर आणि कोथरूड येथे दर शनिवारी सकाळी ९.३० ते दुपारी १ या वेळात आम्ही येतो.

पालेभाजी आदल्या संध्याकाळी आणि फळभाजी त्याच दिवशी पहाटे तोडलेली असते. कांदा, लसूण आणि लाल भोपळा आमच्याच साठवणीतले असतात. बटाटा आमच्या गटातील शेजारच्या शेतकऱ्याचा असतो.

एका पेटीत साधारण साडेचार किलो भाजी असते: दोन जुड्या पालेभाजी, चार प्रकारची फळभाजी आणि कांदा-बटाटा. नेमक्या भाज्या हंगामाप्रमाणे बदलतात आणि त्यांची यादी आदल्या दिवशी कळवली जाते.

आमची शेती पी.जी.एस. इंडिया पद्धतीत रूपांतरणाच्या दुसऱ्या वर्षात आहे. रासायनिक खते आणि कीटकनाशके वापरत नाही. शेणखत, जीवामृत आणि निंबोळी अर्क वापरतो.

एका पेटीचे ४५० रुपये, चार पेट्यांचे १,८०० रुपये आगाऊ. पोहोचवण्याचा खर्च यातच आला. आधी एकच पेटी घेऊन पाहायची असल्यास तशी घेता येईल.

सभासद होण्यासाठी 'पेटी' असे लिहून व्हॉट्सॲप करा आणि सोबत नाव, भाग, सोसायटीचे नाव आणि न चालणाऱ्या दोन भाज्या कळवा. बुधवारच्या पेटीसाठी सोमवारी संध्याकाळी ७ पर्यंत आणि शनिवारच्या पेटीसाठी गुरुवारी संध्याकाळी ७ पर्यंत. एखादा आठवडा पेटी नको असल्यासही याच वेळेपर्यंत कळवा, ती पेटी पुढे मोजली जाईल."

आता यातल्या काही वाक्यांमागचा विचार सांगतो, म्हणजे तुम्हाला ती बदलता येतील. पहिली ओळ आखूड ठेवण्याचे कारण असे की इन्स्टाग्रामवर मजकुराच्या सुरुवातीची सुमारे सव्वाशे अक्षरेच दिसतात आणि बाकीचे उघडून पाहावे लागते. अनेक जण ते उघडत नाहीत. त्यांच्या दोन मुख्य प्रश्नांची उत्तरे तेवढ्यात बसली पाहिजेत. नमस्कार, सुविचार, हंगामाचे वर्णन यांना त्या जागेत थारा देऊ नका. इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेली लिंक दाबून उघडत नाही. म्हणून तिथे शेवटच्या परिच्छेदात "लिंक प्रोफाइलमध्ये आहे" असे लिहून प्रोफाइलमध्ये `https://wa.me/91` आणि त्याला जोडून तुमचा दहा अंकी क्रमांक टाका. व्हॉट्सॲपवर हाच मजकूर पाठवताना लिंक तिथेच द्या, तिथे ती उघडते. दोन्हींसाठी वेगळे मजकूर लिहू नका. एकात वार बदलतो आणि दुसऱ्यात राहून जातो, मग गोंधळ तुम्हालाच निस्तरावा लागतो.

मागणी बंद होण्याची वेळ हा सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात जास्त वाद घडवणारा भाग आहे. ती वेळ सोमवारी संध्याकाळी सात का, याचे कारण तुमच्या डोक्यात स्पष्ट असू द्या: मंगळवारी दुपारपर्यंत पेट्यांचा आकडा ठरला, तरच संध्याकाळी मेथीच्या किती जुड्या काढायच्या हे मजुरांना सांगता येते. उपटलेली मेथी परत वाफ्यात लावता येत नाही. मंगळवारी रात्री कोणी "उद्या आम्ही गावी आहोत" असे कळवले, तर ती पेटी मोजली जाणार आणि हवी तर शेजाऱ्यांना देता येणार, असे पहिल्याच संदेशात सांगून ठेवा. एकाला सूट दिली की तिसऱ्या आठवड्यात निम्मे सभासद सूट मागतात, कारण एकाच सोसायटीतले लोक एकमेकांशी बोलतात. याउलट, गाडी तुमच्यामुळे आली नाही, तर ती पेटी पुढे ढकला किंवा पैसे परत करा. त्यासाठी ग्राहकाला मागावे लागू नये.

सभासद होण्याच्या संदेशात मी न चालणाऱ्या दोनच भाज्या विचारल्या आहेत. "काय हवे ते कळवा" असे लिहिले, की पेटीची ती किराणा दुकानातली यादी होते आणि तीस घरांच्या तीस याद्या पहाटेच्या अंधारात भरणे शक्य नसते. मात्र आषाढी एकादशी आली की हा प्रश्न सगळ्या सभासदांना एकदा नव्याने विचारा. चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगी बंद असतात. त्या पेट्यांवर वेगळी खूण करून त्यांत दोडका किंवा पडवळ वाढवला, तर चार महिने तक्रार येत नाही. या काळात वांग्याचे उत्पादन भरात असेल, तर त्याला बाजाराची वाट आधीच शोधावी लागते. म्हणजे हा प्रश्न लागवडीच्या वेळीच विचारात घ्यायचा आहे.

संदेश आल्यावर सभासदाला तुमचा क्रमांक मोबाइलमध्ये जतन करायला सांगा आणि त्याचे कारणही सांगा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच मिळतो. तुम्ही आदल्या दिवशी पाठवलेली भाज्यांची यादी ज्यांना दिसली नाही, ते "यादी येत नाही" म्हणून नाराज होतात आणि तुमच्याकडे मात्र ती पाठवल्याची नोंद असते.

आता "सेंद्रिय" या शब्दाविषयी. तुम्ही प्रश्नात शेती सेंद्रिय आहे असे लिहिले आहे. तुम्ही रूपांतरणाच्या टप्प्यात असावात असे धरून मी नमुन्यात तो शब्द सरळ वापरलेला नाही. पी.जी.एस. इंडिया ही किमान पाच शेतकऱ्यांच्या स्थानिक गटाने एकमेकांच्या शेतांची तपासणी करून चालवायची प्रमाणीकरण पद्धत आहे. हंगामी पिकांसाठी त्यात रूपांतरणाचा काळ साधारण दोन वर्षांचा असतो. त्या काळात मिळणारे प्रमाणपत्र "पी.जी.एस. ग्रीन" असते आणि पूर्ण झाल्यावर "पी.जी.एस. ऑरगॅनिक" मिळते. तुमच्याकडे "ऑरगॅनिक" प्रमाणपत्र असेल, तर नमुन्यातील ते वाक्य बदलून स्पष्ट लिहा. "ग्रीन" असेल, तर रूपांतरणाचे जे वर्ष चालू असेल तेच लिहा. ग्राहक त्यामुळे मागे फिरत नाहीत, उलट प्रश्न कमी येतात.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाला एन.पी.ओ.पी. म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम किंवा पी.जी.एस. इंडिया यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणीकरण लागते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला सवलत आहे, पण त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आहे आणि सवलतीत जैविक भारत हे बोधचिन्ह वापरता येत नाही. तुमचा आकडा पाहा: साठ पेट्या, प्रत्येकी ४५० रुपये, म्हणजे आठवड्याला २७ हजार आणि बावन्न आठवड्यांचे १४ लाखांहून थोडे अधिक. म्हणजे साठ घरे पूर्ण भरली आणि वर्षभर पेटी चालली, तर तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर जाता. ज्यांनी वीस-पंचवीस घरांपासून सुरुवात केली, त्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण मजकूर जुनाच चालू राहतो आणि घरे वाढत जातात. "१०० टक्के रसायनमुक्त" हे शब्दही टाळा. बांधापलीकडच्या शेतात फवारणी झाली आणि वारा तुमच्याकडे असला, तर ते वाक्य तुम्ही सिद्ध करू शकत नाही. काय वापरतो आणि काय वापरत नाही, एवढे सांगितले की पुरे.

तक्रारी आल्या की त्यांच्या शब्दांवरून चूक कुठे झाली ते ओळखता येते आणि मजकुरातील वेळा खऱ्या राहतात की नाही, हे पाहण्याचा तोच मार्ग आहे. "मेथी आतून काळी पडली" म्हणजे ती ओली बांधली गेली. "कोथिंबीर लोंबली आहे, पण हिरवी आहे" म्हणजे टेम्पोत तिला वारा आणि ऊन लागले. मग पेटीवर ओले गोणपाट टाका आणि तो पट्टा उलट्या क्रमाने फिरवून पाहा. "पालक दुसऱ्याच दिवशी पिवळा झाला" असे कोणी म्हणाले, तर पेटीत पिकलेली पपई किंवा केळी घातली होती का ते आठवा, कारण पिकलेल्या फळातून निघणाऱ्या इथिलीनमुळे हिरवा पाला लवकर पिवळा पडतो. फळे द्यायची असतील, तर वेगळ्या पिशवीत द्या. "दुधी जून आहे" ही तक्रार तोडणी करणाऱ्याकडे जाते: कोवळ्या दुधीत नख सहज रुतते, हे पाहूनच तो तोडावा. काकडी कडू निघाली, तर मात्र त्याचा ताजेपणाशी संबंध नसतो. पाण्याच्या पाळ्या चुकल्या किंवा उन्हाचा ताण बसला, की असे होते. ग्राहकाला तसे सांगावे, पण ती काकडी बदलून द्यावी.

घरी गेल्यावर भाजी कशी ठेवायची, हे मजकुरात घालू नका. त्याची चिठ्ठी पेटीत असू द्या. त्यात तीन वाक्ये पुरतात. पालेभाजी न धुता, निवडून सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी आणि पहिल्या दोन दिवसांत संपवावी. टोमॅटो फ्रिजबाहेर ठेवावा. काकडी, भेंडी आणि वांगी फ्रिजमध्ये ठेवलीच, तर सगळ्यात थंड कप्प्यात ठेवू नयेत, कारण अति थंडीने त्यांच्यावर डाग पडतात आणि ती मऊ होतात. ही चिठ्ठी नसली, तर भाजीचे घरात झालेले नुकसानही तुमच्या नावावर जमा होते.

शेवटी, हा मजकूर वर्षभर जसाच्या तसा चालणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये संततधार लागली, की पालेभाजी पिटून निघते आणि दोन जुड्यांचे वचन पाळता येत नाही. तेव्हा "दोन जुड्या" ऐवजी "एक जुडी आणि त्याबदली अर्धा किलो फळभाजी" असे जूनच्या सुरुवातीलाच बदलून टाका. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे पाण्याची ओढ असते, तेव्हा साठऐवजी चाळीसच पेट्या निघत असतील, तर नवे सभासद घेणे थांबवा आणि मजकुराच्या पहिल्या ओळीत "सध्या जागा नाहीत, प्रतीक्षा यादीसाठी 'पेटी' लिहा" असे टाका.

ज्या दिवशी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला येते, त्या दिवशी घाटातली वाहतूक बंद असते. पर्यायी रस्तेही तुंबतात आणि पालखीचा मुक्काम सासवडला असेपर्यंत गावातून टेम्पो काढणे कठीण जाते. तो दिवस बुधवारी किंवा शनिवारी येत असेल, तर त्या आठवड्याची पेटी एक दिवस आधी द्या. मग तोडणी, मागणी बंद होण्याची वेळ आणि यादी हे सगळेच एक दिवस अलीकडे येते, म्हणून ही सूचना निदान दहा दिवस आधी जायला हवी. अनंत चतुर्दशीला हाच प्रश्न पुण्याच्या बाजूने उभा राहतो. त्या दिवशी शहराच्या मध्यभागातून कोथरूडकडे जाण्याचा विचार सोडून द्यावा, हे बरे.

आणि फोटो त्याच आठवड्याच्या पेटीचा टाका. गाजर आणि फ्लॉवर भरलेली हिवाळ्यातली पेटी मे महिन्यात दाखवली, तर मजकुरात काहीही लिहिलेले असो, लोक गाजराचीच चौकशी करणार.